चूक वाया न घालवणारा पट: दहावीच्या ‘उष्णता’ धड्याच्या उजळणीसाठी

सापशिडीच्या घरांवर प्रश्न चिकटवले की उजळणीचा खेळ तयार झाला, अशी समजूत बऱ्याच शाळांत दिसते. चुकलेला मुलगा सापाच्या तोंडातून खाली घसरतो आणि पुढचा फासा टाकतो. आपण काय चुकलो, का चुकलो, हे त्याला कळत नाही. कळून घ्यायची गरजही पडत नाही, कारण पुढचा प्रश्न वेगळाच असतो. अशा खेळात ज्याला आधीच येतं तो पुढे जातो आणि ज्याला येत नाही तो मागे राहतो. उजळणी कोणाचीच होत नाही.

इथे दिलेला पट याच जागी वेगळा आहे. इथली सोंगटी म्हणजे किनाऱ्याच्या पटावरची होडी. खात्रीने चुकीचं उत्तर दिलं की होडी मागे जात नाही, ती खाडीत शिरते. कोणत्या खाडीत, हे मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला त्यावर ठरतं. प्रत्येक खाडी म्हणजे एक ठरावीक गैरसमज. तिथे त्या गैरसमजावरचं एक काम आणि त्याच कल्पनेवरचा पण वेगळा दिसणारा एक जुळा प्रश्न असतो, आणि तो झाला की होडी पुन्हा समुद्रात येते. बाकी सगळी रचना या एका गोष्टीभोवती आहे.

उदाहरणासाठी राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग १ मधला ‘उष्णता’ हा धडा घेतला आहे. त्यात मुलांच्या चुका आठवण न राहिल्यामुळे कमी आणि मनात आधीच पक्क्या बसलेल्या कल्पनांमुळे जास्त होतात. शिवाय बर्फाची खोकी, दमट हवा आणि तापलेली वाळू यांसाठी किनाऱ्यावरच्या मुलांना पुस्तकाबाहेर जावं लागत नाही.

आधी चुका, मग प्रश्न

प्रश्नपत्रिका समोर ठेवून पर्याय बनवायला बसलं की चुकीचे पर्याय उगाच भरतीचे होतात. ‘वरीलपैकी एकही नाही’ हा त्यातला सगळ्यात निरुपयोगी, कारण तो निवडणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय आहे ते कळत नाही, म्हणून त्याला कुठल्याच खाडीत पाठवता येत नाही. म्हणून सुरुवात उलट्या बाजूने करावी. धडा शिकवून झाल्यावर वर्गाला पाच-सहा प्रश्न पर्यायांशिवाय द्यावेत आणि प्रत्येक उत्तरापुढे ‘कारण’ म्हणून एक ओळ लिहायला सांगावी. गुण नाहीत, नाव नाही लिहिलं तरी चालेल.

मग चिठ्ठ्यांचे गठ्ठे करावेत, उत्तराप्रमाणे नव्हे, कारणाप्रमाणे. या धड्यात साधारण चार गठ्ठे पडतात, आणि त्यांनाच खाड्यांची नावं द्यायची:

दाभोळची खाडी: उष्णता आणि तापमान एकच. जे जास्त गरम त्यात जास्त उष्णता, वस्तुमान किंवा पदार्थ कोणताही असो.

जयगडची खाडी: उष्णता दिली की तापमान वाढलंच पाहिजे.

जैतापूरची खाडी: थंड होताना प्रत्येक पदार्थ आकसतच जातो.

विजयदुर्गची खाडी: थंड भांड्यावरचं पाणी आतून झिरपतं, दमटपणा म्हणजे फक्त हवेत किती वाफ आहे ते.

पाचवा गठ्ठा पडला तर मोह टाळावा. चारापेक्षा जास्त खाड्या झाल्या की कार्डांची संख्या हाताबाहेर जाते आणि एका तासात एखाद्या खाडीत कोणी जातच नाही. उरलेल्या चुका फळ्यावर घ्याव्यात.

एक प्रश्न, पुरता उलगडून

एक कार्ड कसं बनतं ते नीट पाहिलं तर बाकीची बनवणं सोपं जातं. पहिला मसुदा असा असू शकतो: ‘बांगड्यांच्या एका खोक्यात ० °से तापमानाचा बर्फ टाकला आणि दुसऱ्यात तेवढंच ० °से तापमानाचं पाणी. कोणते बांगडे जास्त गार होतील?’

प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक भोक आहे. जेट्टीवर जाणारा एखादा मुलगा म्हणेल की नुसत्या बर्फापेक्षा पाण्यात मासे लवकर गार होतात, कारण पाणी माशाला सगळीकडून लागतं. त्याचं पहिल्या काही मिनिटांपुरतं बरोबरच आहे. बर्फाचे खडे माशाला जागोजागीच टेकतात. त्याला चुकीचं ठरवलं तर खेळावरचा विश्वास तिथेच संपतो. म्हणून प्रश्नात ‘किती लवकर’ याला वावच ठेवायचा नाही. सुधारलेलं कार्ड असं:

> कार्ड ७. थर्मोकोलच्या दोन सारख्या खोक्यांत प्रत्येकी २ किलो बांगडे आहेत, तापमान २८ °से. एका खोक्यात ० °से चा १ किलो बर्फ टाकला, दुसऱ्यात ० °से चं १ किलो पाणी. खोकी बंद करून आतलं सगळं एका तापमानाला येईपर्यंत ठेवली. बांगडे कुठे जास्त गार?
>
> अ. दोन्हीकडे सारखेच, कारण बर्फ आणि पाणी दोन्ही ० °से ला होते.
> ब. बर्फात, कारण वितळताना बर्फ ० °से ला राहूनच पुष्कळ उष्णता घेतो.
> क. बर्फात, कारण बर्फ वितळत असताना त्याचं तापमान चढत जातं आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो माशांकडून घेतो.
> ड. पाण्यात, कारण गार केल्यावर पाणी नेहमी आकसतं आणि त्यात जास्त गारवा मावतो.

‘अ’ निवडणारा दाभोळला जातो, ‘क’ वाला जयगडला आणि ‘ड’ वाला जैतापूरला. ‘क’ पर्याय मुद्दाम आहे: निष्कर्ष बरोबर, कारण चुकीचं. नुसतं ‘बर्फात’ एवढंच उत्तर मागितलं असतं तर हा मुलगा बरोबर ठरला असता आणि त्याची चूक परीक्षेच्या उदाहरणापर्यंत लपून राहिली असती. दर तीन-चार कार्डांमागे असा एक पर्याय असावा. सगळ्याच कार्डांवर ठेवला तर मुलं कारणाची फक्त लांबी मोजून उत्तर ओळखायला लागतात. त्यासाठीच पर्यायांची लांबीही जवळपास सारखी ठेवावी. बरोबर पर्याय सगळ्यात लांब आणि सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेला असणं ही शिक्षकांची फार जुनी सवय आहे, आणि मुलांना ती पक्की ठाऊक असते. ‘ड’ सर्वांत कच्चा पर्याय आहे. चाचणीत कोणीच तो निवडला नाही तर काढून टाकावा. तीन पर्यायांचं कार्डही चालतं.

याचा हिशोब तांडेलाच्या, म्हणजे पटावर प्रश्न वाचणाऱ्या मुलाच्या, वहीत लिहून ठेवावा. माशाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.८ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति °से धरली, तर २ किलो बांगडे २८ वरून ० °से ला यायला २००० × ०.८ × २८ = ४४,८०० कॅलरी काढून घ्याव्या लागतात. १ किलो बर्फ पूर्ण वितळताना ८०,००० कॅलरी घेतो. म्हणजे ५६० ग्रॅम बर्फ वितळला की काम झालं. बांगडे ० °से ला, आणि ४४० ग्रॅम बर्फ अजून शिल्लक. पाण्याच्या खोक्यात मात्र पाणी तापत जातं आणि मासे निवत जातात, दोन्ही सुमारे १७ °से ला भेटतात. खोक्यातून बाहेर जाणारी-येणारी उष्णता यात धरलेली नाही, हेही वहीत लिहावं; चौकस मूल विचारतंच.

खाडीचं कार्ड

इथे बहुतेक खेळ घसरतात. चुकलेल्याला बरोबर उत्तर वाचून दाखवलं की झालं, असं वाटतं. ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या वेळी तीच चूक करतो, कारण त्याची जुनी कल्पना जागची हललेलीच नसते. खाडीच्या कार्डाने आधी ती कल्पना मुलाच्याच हाताने अडचणीत आणायची, मगच उत्तर द्यायचं. म्हणून कार्डाला दोन बाजू: पुढे काम, मागे जुळा प्रश्न. उत्तर दोन्ही बाजूंना नसतं, ते फक्त तांडेलाच्या वहीत.

जयगडच्या खाडीचं एक कार्ड:

> पुढची बाजू. तुम्ही धरलंत: उष्णता मिळत राहिली की तापमान चढत राहतं. तपासा. ० °से चा १०० ग्रॅम बर्फ भांड्यात आहे आणि त्याला दर मिनिटाला १००० कॅलरी उष्णता मिळते. बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी, पाण्याची वाफ व्हायला ग्रॅममागे ५४० कॅलरी, पाणी १ °से तापायला ग्रॅममागे १ कॅलरी. सगळा बर्फ कितव्या मिनिटाला वितळेल? ४ थ्या, १३ व्या आणि ४५ व्या मिनिटाला तापमान किती? चार टिंबं देऊन आलेख काढा.
>
> मागची बाजू. पेजेला उकळी फुटली आहे, झाकण उघडं आहे. गॅस मोठा केला. तांदूळ लवकर शिजेल का? कारण सांगा.

आकडे मुद्दाम गोल निवडले आहेत. बर्फ ८ व्या मिनिटाला संपतो, पाणी १८ व्या मिनिटाला १०० °से ला पोचतं, आणि शेवटचा थेंब ७२ व्या मिनिटाला वाफ होतो. उत्तरं ०, ५० आणि १०० °से. आलेखात आडव्या रेषा किती लांब पडतात ते काढणाऱ्याला स्वतःलाच दिसतं: ७२ मिनिटांपैकी ६२ मिनिटं तापमान हललेलंच नाही. कोणी सांगायची गरज उरत नाही. मागच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’: पाणी उकळतंय तोवर ते साधारण १०० °से लाच राहणार, वाढलेली उष्णता फक्त वाफ जास्त करणार, आणि पेज आटणार.

जुळा प्रश्न मूळ प्रश्नासारखा दिसता कामा नये. मूळ प्रश्न बर्फाचा असेल तर जुळा वाफेचा, मूळ आकड्यांचा असेल तर जुळा स्वयंपाकघरातला. दोन्हीकडे बर्फच ठेवला तर मुलं ‘बर्फाचं तापमान वाढत नाही’ एवढं पाठ करतात आणि उकळत्या पाण्यापाशी पुन्हा अडकतात.

विजयदुर्गच्या खाडीत हिशोबापेक्षा हाताने करायचं काम जास्त चांगलं. शिक्षकांच्या टेबलावर काचेच्या ग्लासात कोकमाचं आगळ घातलेलं लालभडक पाणी आणि बर्फ ठेवायचा. खाडीत आलेल्या जोडीने बाहेरचे थेंब पांढऱ्या कापसाने टिपायचे आणि रंग पाहायचा. कापूस लाल होत नाही. ‘आतलं पाणी झिरपलं’ हे म्हणणं तिथेच गळतं, आणि मग पाणी आलं कुठून हा खरा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो. ग्लास भरताना काठावरून ओघळ येऊ देऊ नये, नाहीतर प्रयोग नेमकं उलट शिकवतो. भरून झाल्यावर बाहेरून कोरडा पुसून घ्यावा. किनाऱ्यावरच्या हवेत थेंब परत धरायला वेळ लागत नाही. बर्फ शाळेत मिळणार नसेल तर सकाळी थर्मासमधून आणावा.

तिथला जुळा प्रश्न: सकाळी २५ °से ला एका घनमीटर हवेत १८ ग्रॅम वाफ आहे, दुपारी ३० °से ला तेवढीच. कपडे कधी लवकर वाळतील? संपृक्त हवेत २५ ला सुमारे २३ ग्रॅम आणि ३० ला सुमारे ३०.४ ग्रॅम वाफ मावते, एवढं कार्डावर द्यावं. सापेक्ष आर्द्रता ७८ वरून ५९ टक्क्यांवर येते, म्हणून दुपारी. वाफ तेवढीच असूनही हवा ‘कोरडी’ झाली, हे इथे कळतं.

उरलेल्या दोन खाड्यांबद्दल थोडक्यात. दाभोळला ४० °से चं १ किलो पाणी आणि ८० °से चं १०० ग्रॅम पाणी २० °से पर्यंत निवताना किती उष्णता देईल ते काढायला लावावं (२०,००० आणि ६,००० कॅलरी), आणि जुळा प्रश्न म्हणून दुपारची वाळू का भाजते आणि समुद्राचं पाणी का नाही, हा घ्यावा. वाळूची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.२ आहे, १०० ग्रॅमला १००० कॅलरी दिल्या तर पाणी १० °से ने तापतं, वाळू ५० ने. समुद्र ढवळला जातो आणि त्यातून बाष्पीभवनही होतं, त्यामुळे हे एकच कारण नाही, अशी टीप वहीत असावी.

जैतापूरला १ किलो पाण्याचं आकारमान द्यावं: १० °से ला १०००.३० मिलिलीटर, ४ ला १०००.०३, ० ला १०००.१६. आलेखाचा खड्डा ४ वर पडतो. किनाऱ्यावरच्या वर्गात ‘मग समुद्राचंही असंच का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर ‘नाही’ आहे: नेहमीच्या खारेपणाच्या समुद्राच्या पाण्याची घनता गोठेपर्यंत वाढतच जाते, ४ °से चा नियम गोड्या पाण्याचा. हे तांडेलाच्या वहीत आधीच लिहिलेलं बरं.

खात्री की अंदाज

फासा नको. फाशामुळे चुकीचं उत्तर देऊनही सहा पडले म्हणून पुढे जाता येतं, आणि मग उत्तराला किंमत राहत नाही. होडी किती घरं जाणार हे मुलांनी स्वतः लावलेल्या बोलीवर ठरवायचं. उत्तर सांगण्याआधी जोडीने ‘अंदाज’ किंवा ‘खात्री’ यांपैकी एक चिठ्ठी खाली ठेवायची.

| | उत्तर बरोबर | उत्तर चूक |
|---|---|---|
| अंदाज | १ घर पुढे | होडी जागेवरच. तांडेल उलगडा वाचतो, जोडी तो आपल्या शब्दांत सांगते |
| खात्री | ३ घरं पुढे | होडी खाडीत. पुढची एक पाळी कामाला, त्यापुढची जुळ्या प्रश्नाला |

खात्रीने चुकणाऱ्याला जास्त काम का, असं विचारलं जाईल. ज्याने अंदाज केला त्याच्या डोक्यात हटवण्यासारखी पक्की कल्पना नाही; त्याला माहिती हवी आहे, ती ऐकून मिळते. खात्रीने चुकलेल्याकडे कल्पना आहे आणि ती घट्ट आहे. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर, लगेच बरोबर उत्तर कळलं तर, बिनखात्रीच्या चुकीपेक्षा जास्त प्रमाणात दुरुस्त होतं. त्यांचे प्रश्न सामान्यज्ञानाचे होते, विज्ञानातल्या संकल्पनांचे नव्हते, म्हणून इथे नुसतं उत्तर न देता काम जोडलं आहे. पण चकित झालेलं मूल लक्ष देतं, एवढा भाग उपयोगी पडतो, आणि त्याचा फायदा त्याच मिनिटाला घ्यायला हवा. तास संपल्यावर सगळ्यांची उत्तरं एकदम वाचून दाखवली तर तो हातचा जातो.

आकडे बदलायचे असतील तर जपून. एक पाळी सरासरी दीड घराच्या मोलाची धरली तर खाडीतल्या दोन पाळ्या म्हणजे ३ घरांचं नुकसान. त्या हिशोबाने बरोबर असण्याची शक्यता पाचात तीनपेक्षा जास्त वाटत असेल तेव्हाच ‘खात्री’ लावणं परवडतं. खाडीत एकच पाळी जात असेल तर ही मर्यादा निम्म्याखाली येते. म्हणजे चारातले दोन पर्याय बाद करून उरलेल्यांत डोळे मिटून बोट ठेवणाऱ्यालाही ‘खात्री’ फायद्याची ठरते. मुलांना हे गणित सांगावं लागत नाही, दोन फेऱ्यांत ती आपोआप ओळखतात, आणि मग सगळेच प्रत्येक वेळी ‘खात्री’ लावतात. टेबलावर ‘अंदाज’ची चिठ्ठी दिसेनाशी झाली की खाडी उथळ झाली आहे असं समजावं.

जुळा प्रश्न बरोबर सोडवला तर ते खाडीचं कार्ड जोडीकडेच राहतं आणि ती त्या खाडीची वाटाड्या होते. नंतर समोरची जोडी त्याच खाडीत अडकली तर वाटाड्या जोडी तिला काम समजावून सांगू शकते. समोरच्यांनी त्यांचा जुळा प्रश्न बरोबर सोडवला, तरच वाटाड्याला १ घर मिळतं. नुसतं बोलून दाखवण्याला काही नाही. मुद्दाम चुकून वाटाड्या व्हायचा प्रयत्न कोणी केला तर त्याला तीन घरं गमावून एक मिळतं, त्यामुळे तो उद्योग फार चालत नाही. जुळा प्रश्नही चुकला तर तांडेल उलगडा वाचतो आणि होडी बाहेर येते, पण कार्ड मिळत नाही. खाडीत कोणालाही तिसऱ्या पाळीला अडकवून ठेवू नये.

पट, माणसं आणि वेळ

एका पटावर पाच जण: दोन जोड्या आणि एक तांडेल. तांडेल प्रश्न वाचतो, वही सांभाळतो आणि नोंद ठेवतो. चाळीसच्या वर्गाला आठ पट लागतात. दोन-तीन मुलं जास्त असतील तर एखाद्या जोडीचे तिघे करावेत. दर आठ मिनिटांनी तांडेल बदलावा, नाहीतर ते मूल खेळाबाहेरच राहतं. जोडीतल्या दोघांनी आधी वेगवेगळं उत्तर पाटीवर किंवा कच्च्या वहीत लिहावं, मग बोलावं. हा नियम सोडला तर जोडीतला एक जण खेळतो आणि दुसरा होडी सरकवतो.

पट म्हणजे हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा, २० घरांचा. मधल्या घरांना दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण ही नावं द्यावीत, पण बंदरांना वेगळे नियम लावू नयेत. नियम जितके कमी तितका वेळ प्रश्नांना. चार खाड्या उजव्या कडेने आत जाणाऱ्या, प्रत्येकीत दोन घरं. होडी खाडीत जाते तेव्हा समुद्रातल्या तिच्या घरावर एक काजूची बी ठेवायची, म्हणजे बाहेर आल्यावर जागेवरून वाद होत नाही. होड्यांना बाटलीची दोन रंगांची बुचं पुरतात.

तासिका ३५ ते ४० मिनिटांची धरली तर खेळाला २५ मिनिटं मिळतात. एका पाळीला सव्वा मिनिट लागतं, म्हणजे जोडीला साधारण दहा पाळ्या. हुशार जोडी त्याआधीच वेंगुर्ल्याला पोचते. तिने परत उत्तरेकडे वळावं आणि घरं मोजत राहावं. शेवटची वेळ आधी जाहीर करू नये. ‘आता दोनच मिनिटं’ म्हटलं की खाडीत जाण्याचं नुकसान संपतं आणि सगळे बेधडक ‘खात्री’ लावतात.

प्रत्येक पटाला २४ प्रश्नकार्डं आणि खाडीमागे ३, अशी १२ खाडीकार्डं पुरतात. एका ए-फोर कागदावर नऊ कार्डं बसतात, म्हणजे एका संचाला चार कागद. प्रश्नकार्डावर खाडीचं नाव छापू नये, नाहीतर मुलं पर्यायाशेजारचं नाव बघून उत्तर वगळतात. पर्याय आणि खाडी यांची जोडणी फक्त तांडेलाच्या वहीत.

कोकणातल्या पावसाळ्यात पुठ्ठ्याचा पट आठवड्याभरात वाकतो आणि स्केचपेनची शाई पसरते. पट फ्लेक्सवर छापून घेतला तर गुंडाळून ठेवता येतो आणि पुसताही येतो. हाताने बनवायचा असेल तर ड्रॉइंग शीटवर कायमच्या शाईच्या मार्करने काढून वर पारदर्शक प्लास्टिक चिकटवावं. कार्डांना जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू उत्तम. लॅमिनेट करणार असाल तर कार्ड आधी कापावं आणि मग भोवती चार-पाच मिलिमीटर प्लास्टिकची कड सोडावी. लॅमिनेट केलेला कागद मागाहून कापला तर कडा उघड्या राहतात आणि तिथून दमटपणा शिरून कार्डांचे पदर सुटतात. संच झाकणाच्या डब्यात ठेवावेत, कपाटात उघडे नकोत.

आधी एका पटावर

आठ पट छापायच्या आधी एकच पट हाताने बनवून पाच मुलांना खेळायला द्यावा. तांडेलाच्या नोंदीत तीनच गोष्टी हव्यात: कार्डाचा क्रमांक, निवडलेला पर्याय, खात्री की अंदाज. जो पर्याय कोणीच निवडत नाही तो मेलेला आहे, तो बदलावा. ज्या कार्डावर वर्गातली नेहमी बरोबर येणारी मुलंही खात्रीने चुकतात, तिथे आधी प्रश्नाची भाषा तपासावी. मासळीच्या खोक्यासारखं भोक बहुधा तिथेच सापडतं. खाडीच्या कामाला अडीच मिनिटांपेक्षा जास्त लागत असेल तर आकडे सोपे करावेत, कारण समोरची जोडी थांबून कंटाळते.

खऱ्या तासानंतर आठही नोंदी एकत्र केल्या की कोणत्या खाडीत खात्रीने सर्वांत जास्त होड्या शिरल्या ते दिसतं. पुढची तासिका तिथून सुरू करावी. आणि तीन-चार दिवसांनी प्रत्येक खाडीवरचा एक नवा प्रश्न, पर्याय न देता, कागदावर विचारावा. खेळताना जुळा प्रश्न सुटला हे त्या क्षणाचं आहे; टिकलं की नाही ते या चार प्रश्नांतून कळतं. खाडीत जाऊन आलेली मुलं इथे परत तीच चूक करत असतील तर त्या खाडीचं काम बदलायला हवं, मुलांना ओरडून उपयोग नाही.

हाच पट दुसऱ्या धड्यांना लावताना आधी एवढंच पाहावं की तिथल्या चुकांना आकार आहे का. ‘प्रकाशाचे अपवर्तन’ आणि ‘भिंगे’ यांत आहे: भिंगाचा अर्धा भाग झाकला तर अर्धीच प्रतिमा दिसते, असं धरून बसलेली मुलं भरपूर असतात. ‘गुरुत्वाकर्षण’मध्येही आहे, अंतराळवीर तरंगतो म्हणजे तिथे गुरुत्व नाही, हा गैरसमज एका आख्ख्या खाडीला पुरतो. पण ‘अवकाश मोहिमा’ धड्यातला मोहिमांची नावं आणि वर्षं हा भाग मात्र या पटावर आणू नये. वर्ष विसरण्यामागे कोणतीही कल्पना नसते, त्यामुळे खाडीत त्या मुलाला करण्यासारखं काहीच राहत नाही. त्याला साधी प्रश्नोत्तरांची चिठ्ठी पुरते.